डब्याखालचा पीळ

रोहा स्टेशनात मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग सुरू होतो. फलाटावर उभे राहून पलीकडच्या रुळावर थांबलेल्या डब्याच्या खाली पाहिले, तर प्रत्येक चाकाच्या पेटीच्या, म्हणजे ॲक्सल बॉक्सच्या, दोन्ही अंगांना मनगटाहून जाड वाटणारी वेटोळी दिसतात. दिव्याहून सुटून आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशने घेत गाडी इथवर येते, तेव्हा सगळ्या वाटेत डबा आणि चाके यांच्यामध्ये हीच वेटोळी असतात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दारापर्यंत भरलेल्या डब्यातला माणूस, बोचके, डोक्यावरची मूर्ती, सगळ्यांचे ओझे शेवटी त्यांच्यावर येते.

डबा भरला की स्प्रिंग दबते, एवढे कोणीही पाहू शकतो. पण त्या दबण्यात पोलादाच्या आत नेमके काय होते, याबद्दल बहुतेकांच्या मनात असलेले चित्र चुकीचे आहे. स्प्रिंगचा बार दबत नाही आणि फारसा वाकतही नाही. तो पिळला जातो.

हे हाताने अनुभवता येते. जाड तारेचे एक वेटोळे घ्या आणि वरून दाबा. वरून येणारे वजन स्प्रिंगच्या मध्यातून, तिच्या अक्षातून खाली जाते, पण तिथे तर पोकळी आहे. पोलाद आहे ते त्या मध्यापासून एका त्रिज्येइतके बाजूला. म्हणजे बारच्या कोणत्याही तुकड्याला ते वजन एका तरफेच्या टोकावरून मिळते आणि ती तरफ त्या तुकड्याला फिरवू पाहते. ओला टॉवेल पिळताना दोन हात उलट दिशांना फिरतात, तसेच प्रत्येक तुकड्याची दोन टोके उलट फिरवली जातात. वेढ्यावेढ्यातला असा थोडा थोडा पीळ साठत जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो उंची कमी झाल्यासारखा दिसतो.

म्हणून वेटोळ्याची स्प्रिंग ही खरे तर गुंडाळून ठेवलेली एक सरळ कांब आहे, एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला तरफेने पिळलेली. हे एकदा मनात बसले की बाकीचे गणित फार सोपे होते.

खरी स्प्रिंगच हिशेबाला घेऊ. चेन्नईतल्या पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून बनलेले डबे, ज्यांना रेल्वेत सरळ ‘आयसीएफ डबे’ म्हणतात, ते कोकणच्या वाटेवर वर्षानुवर्षे धावले. त्यांच्या वातानुकूलित नसलेल्या डब्यांच्या ॲक्सल बॉक्सवरची स्प्रिंग ‘ए-०१’ या खुणेने ओळखली जाते. तिच्या बारचा व्यास ३३.५ मिलिमीटर. भार नसताना उंची ३६० मिलिमीटर. चाचणीच्या यंत्रावर तिच्यावर २,००० किलोचा भार ठेवतात आणि तेव्हा तिची उंची २७९ ते २९५ मिलिमीटरच्या दरम्यान यावी लागते. एका बोगीत अशा आठ, म्हणजे एका डब्याला सोळा.

२,००० किलो हा आकडा कुठून आला असावा, ते पडताळून पाहायला मजा येते. अशा रिकाम्या डब्याचे वजन साधारण ३७ टन. त्यातली चाके, धुऱ्या आणि ॲक्सल बॉक्स हे स्प्रिंगच्या खालचे, म्हणून त्यांचे ओझे स्प्रिंगवर येत नाही. त्यांचे पाचेक टन वजा केले तर ३२ टन उरतात. ते सोळा स्प्रिंगांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला २ टन. म्हणजे यंत्रावरची चाचणी ही जवळजवळ रिकाम्या डब्याखालची स्थिती आहे.

आता वेटोळ्याचा मध्यव्यास हवा, म्हणजे बारच्या मध्यरेषेपासून समोरच्या बारच्या मध्यरेषेपर्यंतचे अंतर. तो हिशेबाला सोपा म्हणून २०० मिलिमीटर धरू. भार न्यूटनमध्ये १९,६२०. पोलादाचा पिळाला होणारा विरोध सांगणारा आकडा, ज्याला अभियंते मॉड्युलस ऑफ रिजिडिटी म्हणतात, तो प्रति चौरस मिलिमीटर सुमारे ७८,५०० न्यूटन.

चाचणीत उंची मधोमध, म्हणजे २८७ आली असे समजा. स्प्रिंग ७३ मिलिमीटर दबली. पाठ्यपुस्तकातले सूत्र असे:

δ = 8 F D³ n / (G d⁴)

इथे F हा भार, D मध्यव्यास, d बारचा व्यास, G वर सांगितलेला आकडा आणि n म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. आकडे घातले तर एक वेढा १२.७ मिलिमीटर दबतो. ७३ ला १२.७ ने भागले की काम करणारे वेढे निघतात पावणेसहा. दोन्ही टोकांचे चपटे, बैठकीवर टेकलेले वेढे यात धरायचे नाहीत, कारण ते पिळले जात नाहीत. स्प्रिंग पाहून वेढे मोजणारा माणूस बहुतेक वेळा इथे चुकतो. तो दिसणारे सगळे मोजतो आणि मग स्प्रिंग अपेक्षेपेक्षा कडक का आली, याचे त्याला नवल वाटते.

हेच गणित गुंडाळी सोडवून करून पाहा. पावणेसहा वेढे उलगडले तर ३.६ मीटर लांबीची कांब मिळते. तिच्या टोकाला १०० मिलिमीटरची तरफ लावून त्या तरफेवर २ टन ठेवले, तर ३३.५ मिलिमीटर जाडीची ही कांब सुमारे ४२ अंशांनी पिळली जाते. ४२ अंश म्हणजे ०.७३ रेडियन. त्याला तरफेची लांबी १०० ने गुणले की ७३ मिलिमीटर. वेटोळ्याचे सूत्र आणि सरळ कांबेचे सूत्र यांत फरक नाही, फक्त कांब कोपऱ्यात मावावी म्हणून गुंडाळली आहे.

हे गणित इतके सोपे राहते ते एका अटीवर: वेढे जवळजवळ आडवे असले पाहिजेत. पुस्तकात अशा स्प्रिंगला ‘क्लोज-कॉइल्ड’, म्हणजे निकट वेढ्यांची म्हणतात आणि विद्यार्थ्यांचा समज होतो की वेढे एकमेकांना चिकटलेले असले तरच हे नाव लागू पडते. आपल्या स्प्रिंगमध्ये तर दोन वेढ्यांत बोट सहज जाईल इतकी फट आहे. पण प्रश्न फटीचा नाही, चढाचा आहे. एका वेढ्यात बार सुमारे ५४ मिलिमीटर चढतो आणि तेवढ्यात ६२८ मिलिमीटरचा परीघ पार करतो. हा चढ पाच अंशांच्याही आत आहे. दहा अंशांपर्यंत बार वाकण्याचा भाग इतका लहान असतो की तो सोडून दिला तरी चालतो. त्याहून उभी स्प्रिंग असेल तर पीळ आणि वाक दोन्ही धरावे लागतात.

सूत्रात बारचा व्यास चौथ्या घाताने आला आहे, याचा परिणाम कारखान्यात रोज दिसतो. तापवून गुंडाळताना, घासताना किंवा गंज खरवडताना बार अर्धा मिलिमीटर बारीक झाला, ३३.५ चा ३३ झाला, तर स्प्रिंग सहा टक्के मऊ होते. ७३ मिलिमीटरच्या दबण्यात हा फरक साडेचार मिलिमीटरचा. वेटोळ्याचा व्यास २ मिलिमीटरने वाढला तर आणखी दोन. म्हणून एकाच नकाशावरून, एकाच भट्टीतून निघालेल्या स्प्रिंगा २७९ ते २९५ इतक्या पसरतात. रेल्वे त्यांना फेकून देत नाही, तीन गटांत वाटते. २७९ ते २८४ चा ‘ए’ गट, त्यावर पिवळा पट्टा. २८५ ते २८९ चा ‘बी’, ऑक्सफर्ड निळा. २९० ते २९५ चा ‘सी’, हिरवा. एका बोगीत एकाच रंगाच्या स्प्रिंगा घालायच्या असा दंडक आहे. एक मऊ आणि शेजारी एक कडक बसवली, तर डबा सारखा दबूनही कडक स्प्रिंग जास्त ओझे उचलते, एका चाकावर भार वाढतो, समोरच्यावर कमी होतो. वळणावर हलक्या झालेल्या चाकाला रुळावर धरून ठेवणे हे मोठ्या जोखमीचे काम आहे आणि कोकणच्या मार्गावर वळणांना तोटा नाही.

इथपर्यंत सगळे उंचीचे झाले. पण स्प्रिंग तुटते ती उंचीमुळे नाही, आतल्या ताणामुळे.

सरळ कांब पिळली की तिच्या मध्यरेषेवर ताण शून्य असतो आणि पृष्ठभागाकडे तो समान वाढत जातो. हा ताण ओढण्याचा किंवा दाबण्याचा नव्हे. पत्त्यांच्या कॅटला हाताने तिरके सरकवले की पत्ते एकमेकांवरून घसरतात, तसा पोलादाचा एक थर शेजारच्या थरावरून घसरू पाहतो. याला कातर ताण म्हणू, अभियांत्रिकीच्या वर्गात त्याला शिअर स्ट्रेस म्हणतात. स्प्रिंगच्या बारच्या पृष्ठभागावर तो असा निघतो:

τ = 8 F D / (π d³)

आपल्या स्प्रिंगसाठी हा आकडा येतो २६६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. बारच्या घेरावर कुठेही पाहा, आतल्या अंगाला, बाहेरच्या अंगाला, वर, खाली, सूत्र सगळीकडे २६६ च सांगते. आणि इथेच ते अपुरे पडते, कारण सूत्राने बार सरळ धरला आहे आणि बार सरळ नाही.

वेटोळ्याच्या एका लहानशा फाकेकडे पाहा, गोल केकमधून कापलेल्या फाकेसारखी. बारची मध्यरेषा केंद्रापासून १०० मिलिमीटरवर आहे. पण बारची आतली कड केवळ ८३ मिलिमीटरवर आहे आणि बाहेरची ११७ वर. एकाच फाकेत आतल्या कडेची लांबी सर्वांत कमी, बाहेरच्या कडेची सर्वांत जास्त. भार आला की फाकेची दोन्ही तोंडे एकमेकांच्या तुलनेत एकाच कोनातून पिळली जातात. आतल्या कडेवरच्या धाग्याला तोच पीळ कमी लांबीत सहन करायचा आहे. दोन माणसे सारखेच फेरे देत एक लांब आणि एक आखूड दोरी पिळत असतील, तर आखूड दोरीच आधी कडक होते. तसेच इथे. आतल्या कडेवर ताण वाढतो, बाहेरच्या कडेवर घटतो.

यात दुसरी भर पडते. पिळाशिवाय वजन सरळ खाली येऊन बारला आडवे कापूही पाहते. बारच्या ८८१ चौरस मिलिमीटर छेदावर १९,६२० न्यूटन वाटले की सरासरी २२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर होतात. हा कापणारा ताण बाहेरच्या कडेवर पिळाच्या ताणाच्या उलट दिशेला असतो, आतल्या कडेवर मात्र त्याच दिशेला. म्हणजे आतली कड दोन्हीकडून भरडली जाते: वक्रतेने वाढलेला पीळ आणि त्यात मिसळलेला सरळ काप.

अमेरिकेतील वेस्टिंगहाऊस कंपनीत काम करणाऱ्या ए. एम. वाल यांनी १९२९ मध्ये जाड बारच्या, निकट वेढ्यांच्या स्प्रिंगांवर निबंध प्रसिद्ध केला आणि या दोन्ही गोष्टी एका गुणकात बांधल्या. जगभरच्या स्प्रिंगांच्या नकाशांवर आजही तोच गुणक वापरला जातो:

K = (4C − 1)/(4C − 4) + 0.615/C

C म्हणजे मध्यव्यास भागिले बारचा व्यास. याला स्प्रिंगचा निर्देशांक म्हणतात. वेटोळे बारच्या मानाने किती ऐसपैस आहे, ते या आकड्यावरून कळते. सूत्रातला पहिला तुकडा वक्रतेचा, दुसरा सरळ कापाचा. ०.६१५ हा विचित्र दिसणारा आकडा काही जादूचा नाही. गोल छेदात सरळ कापाचा ताण सगळीकडे सारखा नसतो. ज्या जागी आपल्याला तो हवा आहे, म्हणजे व्यासाच्या टोकाला, तिथे तो सरासरीच्या १.२३ पट असतो. ०.६१५ हे त्याचे अर्धे आहे.

आपल्या स्प्रिंगचा C आहे २०० भागिले ३३.५, म्हणजे जवळजवळ ६. पहिला तुकडा १.१५, दुसरा ०.१०, मिळून गुणक १.२५. आतल्या कडेवरचा खरा ताण २६६ नव्हे, ३३३. याच वेळी बाहेरच्या कडेवर तो उतरून २१० च्या आसपास असतो. एकाच बारच्या एकाच छेदावर, साडेतेहतीस मिलिमीटरच्या अंतरात, हा एवढा फरक.

वेटोळे जितके घट्ट तितका फरक वाढतो. C दहा असेल तर गुणक १.१४ इतका सौम्य असतो. सहाला तो १.२५ होतो, चारला १.४० आणि तीनला १.५८. कमी जागेत जास्त ताकदीची स्प्रिंग मागणारा प्रत्येक जण नकळत C कमी करायला लावत असतो आणि पुस्तकी सूत्रावर भरवसा ठेवला तर त्याची किंमत नकाशावर दिसतच नाही.

जागा वाचवायचा चांगला मार्ग वेगळा आहे. कोकणच्या मार्गावर आज धावणाऱ्या एलएचबी डब्यांत एका मोठ्या स्प्रिंगच्या पोटात दुसरी लहान स्प्रिंग बसवलेली असते. दोघींचा C सारखा ठेवला आणि पूर्ण दबल्यावरची उंचीही सारखी ठेवली, तर दोघींचा ताण सारखाच येतो आणि कोणा एकीला जादा सोसावे लागत नाही. त्यांचे वेढे उलट दिशांना गुंडाळतात, म्हणजे एखादी तुटली तरी तिचा वेढा दुसरीच्या फटीत अडकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वालचा हा गुणक ताणाच्या सूत्रात येतो, दबण्याच्या सूत्रात येत नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दबणे ही सगळ्या पोलादाची मिळून बेरीज असते. ३.६ मीटर कांबेतला कण न् कण त्यात आपला वाटा घालतो. आतल्या बाजूचा जास्त पीळ आणि बाहेरच्या बाजूचा कमी पीळ बेरजेत एकमेकांना जवळपास फेडून टाकतात. C सहाच्या आसपास असेल तर साध्या सूत्राची चूक एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. ताणाचे मात्र तसे नाही. तडा जाताना पोलाद सरासरी विचारत नाही, सर्वांत जास्त ताण कुठे आहे तेवढेच पाहते.

म्हणून उंचीच्या चाचणीत उत्तम ठरलेली स्प्रिंग आतल्या कडेच्या ताणाबद्दल काहीही सांगत नाही. चाचणीचे यंत्र दबणे मोजते. आतल्या कडेवर ३३३ आहेत की ४००, तिथे खड्डा आहे की बारीक तडा, हे त्या काट्याला कळण्याचा मार्गच नाही. तडा बारच्या पाव भागापर्यंत गेला, तरी सगळ्या लांबीच्या मानाने ती जागा इतकी लहान असते की उंचीत फरक क्वचितच जाणवतो.

भरलेला डबा घेतला तर ताण कुठवर जातो? गणपतीच्या गर्दीत एका डब्यात दोनशे माणसे, सामानासह सरासरी ६५ किलो, म्हणजे १३ टन. सोळा स्प्रिंगांत वाटले की प्रत्येकीवर सुमारे ८१० किलो जादा. स्प्रिंग आणखी ३० मिलिमीटर दबते आणि आतल्या कडेवर ताण ४६८ पर्यंत चढतो. साध्या सूत्रावर विसंबलेल्याला तो ३७४ वाटला असता. स्प्रिंगसाठी वापरतात ते क्रोमियम-व्हॅनेडियम किंवा क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेले, कडक करून आणलेले पोलाद हा ताण सहज पेलते. एकदाच पेलायचा असता तर हा लेख इथेच संपला असता.

पण डबा उभा राहत नाही. रुळांचे सांधे, पुलांची टोके, वळणांचे कल, प्रत्येक ठिकाणी स्प्रिंग थोडी दबते आणि थोडी सुटते. सेकंदाला एक-दोन वेळा म्हटले, तर दिवा ते रोहा या सुमारे शंभर किलोमीटरच्या फेरीत दहा-वीस हजार हेलकावे होतात. धक्क्याने भार वीस टक्के वर-खाली झाला, तर आतल्या कडेवरचा ताण ३७५ ते ५६० यांच्यात हिंदोळत राहतो. थकव्याने येणारी मोड ही अशा पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या ताणाची करणी आहे आणि तिचा स्वभाव फार चढा आहे. ताण पंचवीस टक्के कमी लेखला तर आयुष्य पंचवीस टक्क्यांनी नव्हे, कित्येक पटींनी चुकते.

उलट बाजूचे उदाहरण रोह्यातच आहे. स्टेशनापासून थोड्याच अंतरावर धाटावची औद्योगिक वसाहत आहे, मुख्यतः रसायनांची. तिथल्या दाबाच्या टाक्यांवर आणि वाफेच्या नळांवर सुरक्षा झडपा असतात आणि त्या झडपांतही निकट वेढ्यांचीच स्प्रिंग असते. ठरलेल्या दाबापर्यंत ती झाकण खाली दाबून धरते. तिच्यावरचा भार मात्र महिनोन्महिने जवळजवळ एकच. अशा स्थिर भाराखाली आतल्या कडेवर ताण वाढला, तर चिवट पोलाद त्या जागी किंचित सरकते आणि जास्तीचे ओझे शेजारच्या थरांवर सोडून देते. म्हणून स्थिर भाराच्या हिशेबात पुष्कळ अभियंते वक्रतेचा तुकडा बाजूला ठेवतात आणि फक्त सरळ कापाची भर धरतात, म्हणजे गुणक १ + ०.५/C. आपल्याच आकड्यांवर हे लावले तर २६६ चे २८८ होतात, ३३३ नाही. एकच स्प्रिंग, एकच वजन, पण झडपेत बसली तर एक हिशेब आणि डब्याखाली बसली तर दुसरा. झडपेतल्या स्प्रिंगची काळजी निराळी असते: उष्णतेने ती हळूहळू ढिली पडते, आम्लाच्या वाफेने खाल्ली जाते आणि मग झडप ठरल्यापेक्षा कमी दाबाला उघडते. ती चूक निदान शिटीसारखी ऐकू येते. डब्याखालची चूक ऐकू येत नाही.

कोकणात या आतल्या कडेला आणखी एक वैरी आहे, पाऊस. चार महिने चाकांनी उडवलेले पाणी आणि चिखल वेढ्यांवर बसतो. बाहेरचा भाग वाऱ्याने सुकतो, रंगाचा हातही तिथे नीट पोहोचतो. आतल्या अंगाला आणि टोकाचा चपटा वेढा शेजारच्याला टेकतो त्या सांदीत ओल राहते. तिथे गंजाचा सुईएवढा खड्डा पडला की त्या खड्ड्याच्या तळाशी ताण आणखी वाढतो. वाढलेला ताण, ओल आणि खड्डा, तिन्ही एकाच जागी जमतात. म्हणून रेल्वेतल्या मोडलेल्या स्प्रिंगा बहुधा टोकापासून दीड-एक वेढ्यावर तुटलेल्या सापडतात. चपटा वेढा जिथे बैठकीवरून उचलतो आणि पुढच्या वेढ्याला घासतो, ती ही जागा.

मोडलेला तुकडा हातात घेतला तर त्यावरून बरेच वाचता येते. बार आडवा, काटकोनात तुटलेला नसतो, अक्षाशी ४५ अंशांचा तिरका छेद देऊन फाटलेला असतो. खडूचा तुकडा पिळून मोडला की त्याची मोड जशी मळसूत्रासारखी फिरते, तशीच. पिळातला कातर ताण ४५ अंशांवर ओढणारा ताण बनतो आणि तडा त्याला आडवा जातो, म्हणून ही दिशा. त्या मोडीवर एका कडेला गुळगुळीत, शिंपल्याच्या पाठीसारख्या अर्धगोल रेषांचा पट्टा दिसतो. तो काळपट किंवा तांबूस असेल, तर तडा फार दिवस जिवंत होता आणि त्यात पाणी शिरत होते. उरलेला भाग चमकदार, खरखरीत असतो, तो शेवटच्या धक्क्याला एकदम तुटलेला. अर्धगोल रेषांचे केंद्र शोधत गेले की बोट बहुतेक वेळा वेटोळ्याच्या आतल्या बाजूवर येऊन थांबते.

स्टेशनातल्या तपासणीत डबा वाकडा बसला आहे का, वेढ्यांची फट एका बाजूला जास्त आहे का, गंजाची ताजी लाल रेघ बारवर उमटली आहे का, हे पाहतात. तेवढ्यावर मोडलेली स्प्रिंग सापडते, मोडणार असलेली नाही. ती शोधायला डबा ठरलेल्या मुदतीने मोठ्या दुरुस्तीला जातो. मध्य रेल्वेच्या डब्यांचे असे काम माटुंग्याच्या कारखान्यात चालते. तिथे स्प्रिंग काढून घासून स्वच्छ करतात आणि चुंबकीय कणांची चाचणी घेतात. पोलादात चुंबकत्व निर्माण करून त्यावर चमकणाऱ्या लोहकणांचे द्रावण सोडले की तडा असेल तिथे चुंबकरेषा बाहेर फुटतात आणि कण त्या रेषेत गोळा होतात.

नवी स्प्रिंग बनतानाही आतल्या कडेसाठी दोन गोष्टी करतात. बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग ठोकून घट्ट करतात, म्हणजे कातडीत दाबाचा ताण आधीच भरून राहतो आणि तडा उघडायला जड जातो. अडचण अशी की वेढ्यांच्या पोटात छर्रे पोहोचवणेच सर्वांत कठीण. दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत काही वेळा दाबून सोडणे, ज्याला कारखान्यात स्क्रॅगिंग म्हणतात. त्यात आतली कड आधीच थोडी सरकते आणि पुढे रोजचा भार आला की तिथला ताण हिशेबापेक्षा कमी चढतो.

माटुंग्याला धुऊन निघालेल्या रांगेत एखादी स्प्रिंग अशी असू शकते: भार-यंत्रावर उंची बरोबर २९१, अंगावर हिरवा पट्टा, रंग अजून शाबूत. तिला अंधाऱ्या खोलीत जंबुपार दिव्याखाली धरतात, द्रावण ओततात आणि दिव्याचा झोत वेढ्यांच्या बाहेरून न टाकता आत, पोकळीत टाकतात. टोकापासून दीड वेढ्यावर, आतल्या कडेला, पंचेचाळीस अंशांत गेलेली नखाएवढी हिरवी-पिवळी रेघ उजळते. तपासनीस तिच्यावर खडूने फुली मारतो आणि स्प्रिंग भंगाराच्या ढिगात जाते.